पान बसलं का?

माझी बायको माझ्यापेक्षा चांगलं काम करते, हे एवढं एक वाक्य लिहायला मला कितीतरी वर्षं लागली. आता लिहिलं आहे तर सगळंच सांगून टाकतो. मी मिस्त्री. सालेकसा तालुक्यात आमचं गाव, आणि आसपासच्या दहा-बारा गावांत मी भिंती बांधल्या. एकही भिंत ओळंब्याबाहेर गेलेली नाही. एक दार मात्र आहे, ज्याचं नाव निघालं की आजही मी विषय बदलतो.

१९९९ साली आमचं लग्न झालं. तेव्हा मी उस्तादाच्या हाताखाली काम करत होतो आणि लग्नानंतर बायकोही त्याच कामावर घमेलं उचलायला येऊ लागली. उस्ताद म्हातारा, बारीक, तोंडानं फटकळ. त्याची खासियत म्हणजे लिंटल. दार-खिडकीच्या वर जी सिमेंटची पट्टी बसते आणि वरच्या भिंतीचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतीवर नेऊन टाकते, ती. आमच्याकडे बहुतेक जण जागेवरच पाट्या ठोकून ती भरतात. उस्ताद मात्र जमिनीवर लाकडी फर्मा मांडून आधीच भरून ठेवायचा, पंधरा दिवस ओल्या बारदानाखाली ठेवायचा आणि मग चार माणसं लावून भिंतीवर चढवायचा.

अशा लिंटलाची एक भानगड असते. त्यात जाड सळया खालच्या बाजूला असतात, कारण भार आला की पट्टी खालून ताणली जाते आणि तो ताण लोखंडानंच धरायचा असतो. वरच्या सळया बारीक, सळयांभोवती बांधलेल्या रिंगा धरून ठेवण्यापुरत्या. एकदा सिमेंट वाळलं की वरून काय आणि खालून काय, सारखंच दिसतं. कुणी उलटं चढवलं तर जाड लोखंड वर राहतं आणि लिंटल मधोमध तडकतं. म्हणून उस्ताद ओल्या सिमेंटवर, वरच्या अंगाला, दोन्ही टोकांशी तेंदूचं एकेक पान दाबायचा. दुसऱ्या दिवशी पान सोलून काढलं की शिरांसकट ठसा राहायचा. पान आकाशाकडे म्हणजे लिंटल सुलटं.

पानाचं आणखी एक काम होतं. ते मोजून सहा इंचांचं निवडलेलं असायचं आणि टोकाला अगदी चिकटून दाबलेलं असायचं. लिंटल चढवलं की ते पूर्ण पान भिंतीच्या डोक्यावर यायला हवं. दोन्ही बाजूंना. पानाचा देठ जरी दाराच्या पोकळीवर आला तरी लिंटल खाली उतरवायचं. भिंतीवर टेकण नऊ इंच मिळालं तर उत्तम, सहाच्या खाली कधीच नाही, हा उस्तादाचा कायदा. टेप नसलेल्या माणसालाही तो कळायचा. चढवून झालं की उस्ताद खालून एकच विचारायचा, "पान बसलं का?"

माझी बायको लहानपणापासून तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेली. सहा इंचांचं, न फाटलेलं पान हवं असलं की उस्ताद तिलाच सांगायचा. पान आणून देता देता ती फर्म्याजवळ रेंगाळू लागली. काय घालता, किती घालता, रिंगा इतक्या जवळ काऊन बांधता, असं विचारू लागली. मला ते काम म्हणजे बसून करायचं, बायकी वाटायचं. परांचीवर उभा राहून भिंत चढवणारा मी, जमिनीवर उकिडवा बसून तार पिळणार होतो थोडाच! उस्तादाचे हात थरथरू लागले तेव्हा त्यानं तार पिळायची पकड तिच्या हातात दिली. मी हसलो होतो. चार लोकांत हसलो होतो, हे महत्त्वाचं.

दोन वर्षांत ती त्याच्याइतकं चांगलं भरू लागली. खाली दहा एमएमच्या दोन सळया, टोकं वाकवलेली, वर सहाच्या दोन, सहा-सहा इंचांवर रिंग. सळईखाली सिमेंटच्या वड्या ठेवायची, म्हणजे लोखंड तळाला टेकत नाही आणि खालून इंचभर सिमेंटचं पांघरूण राहतं. एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी, आणि पाणी अगदी हात राखून. गडी म्हणायचे, बाई, थोडं पातळ कर, भरायला सोपं जाते. ती कुणाचं ऐकायची नाही. सळईनं ठोसून ठोसून कोपरे भरायची. फर्मा काढला की अंग असं गुळगुळीत निघायचं की मला रागच यायचा. भोक शोधायचो मी. खरंच शोधायचो, ती पाणी आणायला गेली की बोटानं चाचपून.

उस्तादानं काम सोडलं आणि फर्मे आमच्या अंगणात आले. माझ्या अंगणात आले म्हणा, पण दिले तिला. मी आठ वर्षं त्याच्या हाताखाली घासली होती. भिंत शिकलो, प्लास्टर शिकलो, जिने शिकलो, आणि फर्मे काल आलेल्या बाईला! एकदा धीर करून मी त्याला विचारलंही, की मला काऊन नाही शिकवलं. तो विडीचा धूर सोडत म्हणाला, "तू कधी इचारलाच नाही, बाबू."

मग सुरू झालं ते. आमगावकडून माणूस यायचा, थेट अंगणात शिरायचा आणि मला ओलांडून तिच्याशी बोलायचा. दार किती, खिडकी किती, वर कौलं की स्लॅब. ती माप विचारायची, पोकळीत दोन्हीकडचे नऊ-नऊ इंच मिळवायची आणि तोंडी लांबी सांगायची. एकदा पंचायत समितीचा इंजिनियर घरकुलाचं काम बघायला आला होता. भिंत माझी, सरळसोट, एका सुतात. त्यानं भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लिंटलावर हातोडीची मूठ आपटली, खणखणीत आवाज आला, आणि त्यानं विचारलं की हे कोणाचं काम. गड्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. ती डोक्यावर घमेलं घेऊन उभी होती. साहेब म्हणाला, गोंदियालाही असं भेटत नाही. मी सिमेंट थापायची करनी इतक्या जोरात आपटली की तिचा दांडा हलला.

त्याच सुमारास लोक मला लिंटलवालीचा नवरा म्हणू लागले. चहाच्या टपरीवर अनोळखी माणसाला माझी ओळख तशी करून द्यायचे आणि मी हसायचो. आत नुसता जळायचो. रात्री ती दमून झोपली की मला वाटायचं, हिचं एकतरी लिंटल फुटावं. एकच. फार नाही. फुटावं आणि तिनं माझ्याकडे येऊन विचारावं की आता काय करू. माणूस आपल्या बायकोविषयी असलं काही मनात आणतो, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं.

२००७च्या पावसाळ्यानंतर कचारगडच्या रस्त्यावरच्या एका गावात घराचं काम धरलं. घरमालक धानाचा शेतकरी, बोलायला मोकळा. भिंती माझ्या, लिंटलं तिची. धानाच्या कोठीचं दार साडेतीन फुटांचं ठरलं होतं, म्हणून तिनं त्यासाठी पाच फुटी लिंटल भरून ठेवलं. दोन्हीकडे नऊ इंच. भिंत कमरेएवढी आली असताना मालक म्हणाला, मिस्त्री, पोतं पाठीवर घेऊन माणूस आडवा शिरला पाहिजे, दार अजून नऊ इंच मोठं कर. केलं. चौकटही नवी, रुंद आली. लिंटलाचं मात्र तिला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, दोन दिवस विसरलो आणि तिसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा सांगितलं नाही.

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलनं कामावर जात होतो. वाटेत एकानं थांबवलं आणि लिंटलवाली बाई कुठं राहते म्हणून विचारलं. म्हटलं, माझ्याच घरी राहते. तो म्हणाला, म्हणजे तुम्ही तिच्याकडं कामाले आहा का? त्याची काही चूक नव्हती. पण मी पुढचे चार मैल कसे गेलो ते मला आठवत नाही.

दुपारी लिंटल चढलं. चार गडी, दोन बाजूंना दोन. सव्वाचार फुटांची पोकळी आणि पाच फुटांचं लिंटल. उरले नऊ इंच, दोन्ही बाजू मिळून. तिच्याकडे गेलो असतो तर तिनं नवं भरून दिलं असतं. पण मग पंधरा दिवस थांबायचं, मालकाला सांगायचं की माझी चूक झाली, आणि तिच्यासमोर उभं राहायचं. आज तर नाहीच, म्हटलं. गडी ज्या बाजूला उभे होते त्या बाजूला सहा इंच दिले. पान पूर्ण बसलं, त्यांनी पाहिलं. दुसरी बाजू कोपऱ्याकडची, तिथले दोघं खाली उतरले होते आणि मी एकटा होतो. तिथं तीन इंच उरले. अर्धं पान भिंतीवर, अर्धं हवेत. मी त्याच्याकडे नीट बघितलं. मग मसाला टाकला आणि वर वीट ठेवली.

संध्याकाळी घरी आलो तर ती चुलीपाशी होती. चढवायचा दिवस असला की ती उस्तादाचाच प्रश्न विचारायची.

"पान बसलं का जी?"

"बसलं," मी म्हटलं.

दिवाळीनंतर छप्पर झालं. कौलांचा भार पेलणारी मोठी लाकडी म्याल नेमकी कोठीच्या दारावर, तीन इंचांच्या बाजूला आली. वर कौलं चढली. महिनाभरानं मालकाचा निरोप आला की कोठीचं दार घासते. मी सुतारावर ढकललं. पुढं निरोप आला की दार लागतच नाही, आणि चौकटीच्या कोपऱ्यातून चीर निघाली. जाऊन पाहिलं. तीन इंचांवर सगळा भार आल्यानं खालच्या विटांची कड चिरडली होती. लिंटलाचं ते टोक बोटभर खाली बसलं होतं, आणि वरच्या भिंतीत विटाविटांतून तिरपी चीर पार म्यालीपर्यंत गेली होती. मालकाची सून पोर काखेत घेऊन त्याच दारातून आत-बाहेर करत होती. मी म्यालीखाली एक बल्ली टेकू म्हणून लावली आणि काही न बोलता घरी आलो.

गावात चर्चा एकच. लिंटल बसलं. कोणाचं लिंटल? लिंटलवालीचं. बाईनं सिमेंट खाल्लं असंन. आठवड्याभरात काम सांगून गेलेली दोन माणसं परत आली आणि नको म्हणाली. एक तर भरलेलं लिंटल अंगणात सोडून गेला. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. गोड वाटलं. टपरीवर मी बसलो की लोक पुन्हा भिंतीबद्दल बोलू लागले. मी दोन्ही वेळ पोटभर जेवत होतो.

ती जेवत नव्हती. एका दुपारी तिनं मला विचारलं, अगदी मला हवं होतं तसंच विचारलं, की माझ्या हातून काय चुकलं असंन? मी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, पाणी कमी मारलं असशील. तिनं मान हलवली. तिला पटलं. माझ्या बोलण्यावर तिचा इतका विश्वास होता, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. माहीत असतं तर बहुतेक मी इतका जळलोच नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात धाडधाड आवाज. बाहेर आलो तर ती गिऱ्हाइकानं सोडलेलं ते लिंटल दोन विटांच्या थरांवर ठेवून घणानं फोडत होती. मी म्हटलं, वेडी झाली का. ती थांबली नाही. लिंटल फुटता फुटेना. हाताला फोड आले, लुगड्याच्या पदरानं हात गुंडाळून परत घाव घातले. शेवटी सिमेंट ढासळलं. मग ती खाली बसली आणि तुकडा तुकडा उचलून बघू लागली. जाड सळया खाली, वर बारीक. सळईखाली पांघरूण बरोबर इंचभर. कुठं पोकळ नाही. गिट्टी फुटली होती, पण सिमेंटनं तिला सोडलं नव्हतं. ती ते तुकडे मांडीवर घेऊन रडू लागली, कारण चूक सापडत नव्हती. सापडली असती तर सुटली असती बिचारी.

कोणीतरी उस्तादाला सांगितलं असावं. दुपारी तो काठी टेकत आला. तुकडे पाहिले, सळई नखानं खरवडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोठीचं लिंटल गेलं नाई. भिंतीनं सोडलं त्याले. चला, पान पाहू."

माघातली कचारगडची जत्रा आटोपल्यावर आम्ही तिघं गेलो. म्यालीखाली अजून दोन बल्ल्या लावल्या, भार त्यांच्यावर घेतला आणि लिंटलावरच्या विटा एकेक काढल्या. मीच काढल्या. तोंडानं एक वाक्य बोलायचं तर त्यापेक्षा विटा सोप्या वाटत होत्या. चार गड्यांनी लिंटल खाली उतरवून अंगणात उलटं ठेवलं. सव्वाशे किलोचं ते धूड, त्याला एक केसाएवढीही चीर नव्हती.

खालच्या अंगाला सगळं लिहिल्यासारखं होतं. मधल्या भागावर दाराच्या पोकळीतला चुना आणि दोन्ही टोकांना भिंतीचा मसाला. बायको एका टोकाशी बसली. मसाल्यावर बोटं आडवी लावली. आठ बोटं. उठून दुसऱ्या टोकाला गेली. चार बोटं. परत मोजली. चारच. मग तिनं गड्यांना लिंटल सुलटं करायला लावलं आणि वरच्या पानावरचा मसाला खरवडून त्यावर हात ठेवला, चार बोटं टोकाकडून. अर्धं पान हाताखाली झाकलं, अर्धं उघडं राहिलं. त्याच्या शिरा स्वच्छ दिसत होत्या.

घरमालक विचारू लागला की म्हणजे काय. उस्तादानं विडी पेटवली. मला वाटलं ती सांगेल, किंवा मला सांभाळून घेईल, म्हणेल की लांबी मीच कमी दिली. बायका घेतात सांभाळून, असा माझा हिशेब. तिनं हात झटकले आणि उभी राहिली.

"तुमी सांगा त्याइले," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. दार वाढवलं, लिंटल तेच ठेवलं, या बाजूला तीनच इंच टेकलं, मला दिसलं होतं आणि मी झाकलं. मालक पटकन ओरडला नाही. तो आधी सुनेकडे बघायला लागला, मग पोराकडे, मग त्या दाराकडे. मला म्हणाला, मिस्त्री, तू मोठ्या मनाचा माणूस वाटत होतास. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तिनं पावणेसहा फुटांचं नवं लिंटल भरलं, दोन्हीकडे नऊ-नऊ इंच, आणि पंधरा दिवसांनी मी चिरडलेली भिंत उतरवून परत बांधली, फुकट.

पण मालकाला मी माप सांगितलं होतं, कारण नव्हतं सांगितलं. ते लिंटल उतरवलं त्याच संध्याकाळी परत येताना बाहेर पडलं. उस्ताद पुढं निघून गेला होता. मी सायकल हातात धरून चालत होतो, ती बाजूनं. तलावाच्या पाळीवर आलो तेव्हा मी म्हणालो की मला तुझा हेवा वाटायचा. इतकी वर्षं. लोक तुझं नाव घ्यायचे आणि माझा जीव जळायचा.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मी पाणी आणाले गेली की तुमी माझे लिंटल चाचपून पाहत होते. पाहिलं मी. म्हटलं, असू दे, मनात आहे." ती पाळ उतरू लागली. "ते तुमी भिंतीत घातले. त्या दारातून लेकरू जाये-ये करे, जी."

तिचं काम हळूहळू परत आलं. मालकानंच गावोगाव सांगितलं की लिंटल चांगलं होतं, मिस्त्री खोटा होता. मला वर्षभर कोणी भिंतीला बोलावलं नाही. तेव्हा मी तिच्या अंगणात रेती चाळली, गिट्टी धुतली, रिंगा वाकवल्या. रिंग वाकवायला इतकी नजर लागते, हे तेव्हा कळलं. एकदा विचारलं की वड्या किती अंतरावर ठेवायच्या, आणि तिनं सांगितलं. इतकं सोपं होतं ते.

पुढं आमचंही घर झालं. बुद्धवंदना घेऊन काम सुरू केलं, सहा लिंटलं तिनं भरली, भिंती मी बांधल्या. पहिलं लिंटल चढलं. मी कोपऱ्याच्या बाजूला होतो. पान पूर्ण भिंतीवर होतं, वर तीन इंच जास्तीचे. मी मसाल्याची करनी हातात धरून थांबलो. वाटलं, आता ती खालून विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते खरं होतं.

तिनं विचारलं नाही. लुगडं खोचून परांचीवर चढली, माझ्या बाजूला आली, पानावर बोटं आडवी ठेवून मोजली आणि उतरून गेली. सहाही लिंटलांना तसंच केलं. आजही मी लिंटल बसवत असलो की ती येते, चढते, मोजते. राग नाही. पान बसलं का, असं मात्र तिनं मला त्यानंतर कधी विचारलेलं नाही.